छापील पावतीवरचा मजकूर रकान्यांत नेमका बसवणे: प्रिंटरचा दोष आणि फॉर्मचा दोष वेगळे करण्याची पद्धत

इंदुरातील आमच्या गणेशोत्सव समितीच्या पावत्या राजवाड्याजवळच्या एका छापखान्यातून छापून येतात. फॉर्म हिंदीत असतो, त्यावर ‘श्री/श्रीमती’, ‘राशि’, ‘शब्दों में’ आणि ‘दिनांक’ असे रकाने असतात, आणि त्या रकान्यांत वर्गणीदाराचे नाव व रक्कम आम्ही संगणकावरून लेझर प्रिंटरने छापतो. कागद ए-४ आकाराचा आहे. वरच्या अर्ध्या भागात वर्गणीदाराची पावती, खालच्या अर्ध्या भागात आमच्याकडे राहणारे प्रतिपर्ण आणि मध्ये फाडण्यासाठी छिद्रांची रेघ. एका वर्षी नवे फॉर्म आले आणि नाव रेघेच्या वर बसण्याऐवजी रेघेखाली, तर प्रतिपर्णावरची रक्कम चौकटीच्या वरच्या कडेवर छापली जाऊ लागली. तेव्हा जे केले आणि जे करायला नको होते, त्यावरून ही पद्धत लिहीत आहे. ती पाकिटांना, धनादेशांना आणि छापील लेटरहेडलाही तशीच लागू पडते.

मजकूर रकान्याबाहेर गेला की बहुतेक जण लगेच मार्जिन बदलू लागतात. आम्हीही तेच केले. वरच्या पावतीवरचे नाव साडेचार मिलिमीटर उजवीकडे आणि सव्वासहा मिलिमीटर खाली जात होते, म्हणून संपूर्ण मजकूर तेवढाच डावीकडे आणि वर घेतला. नाव जागेवर आले. पण खालच्या प्रतिपर्णावरची रक्कम, जी आधीच थोडी डावीकडे आणि वर होती, ती आता तब्बल सहा मिलिमीटर डावीकडे आणि जवळजवळ नऊ मिलिमीटर वर गेली. एक कोपरा दुरुस्त केल्यावर समोरचा कोपरा अधिक बिघडतो, तेव्हा मजकूर नुसता सरकलेला नसतो, तर आकसलेला असतो, आणि आकसलेल्या मजकुराला मार्जिनचे औषध लागू पडत नाही.

आधी कोणता दोष आहे ते ओळखणे

मजकूर आणि रकाना यांच्यामध्ये दोन स्वतंत्र मापे असतात. पहिले माप म्हणजे प्रिंटर कागदाच्या कडेपासून किती अंतरावर छापतो ते. दुसरे म्हणजे छापखान्याने त्याच कडेपासून किती अंतरावर रेघ छापली आहे ते. आपल्याला दिसतो तो या दोहोंतला फरक, आणि तो नुसता पाहून चूक कोणाची हे कळत नाही. म्हणून प्रिंटर कोऱ्या कागदावर तपासायचा, फॉर्म पट्टीने तपासायचा, आणि दोहोंची सांगड शेवटी घालायची.

प्रिंटरच्या बाजूने होणारी चूक तीन तऱ्हांची असते. मजकूर सरकतो, म्हणजे कागदावर सगळीकडे सारख्याच अंतराने हलतो. मजकूर आकसतो, म्हणजे मधोमध जवळपास जागेवर राहतो आणि कडांकडे जावे तसा आत ओढला जातो. किंवा मजकूर तिरपा होतो, म्हणजे ओळीचे डावे टोक आणि उजवे टोक वेगवेगळ्या उंचीवर पडते. या तिन्ही चुका एकाच वेळी असू शकतात आणि त्या एका बिंदूवर मोजून वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी चार कोपऱ्यांजवळ चार खुणा लागतात.

चार फुल्यांचा कागद

खालचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ती `chaukon.svg` या नावाने साठवावी, इंकस्केपमध्ये उघडावी आणि तेथून पीडीएफ करावी. डावीकडून ३० आणि १८० मिमी, वरून ४० आणि २६० मिमी अशा जागी चार बारीक फुल्या मिळतात.

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
 width="210mm" height="297mm" viewBox="0 0 210 297">
<path fill="none" stroke="black" stroke-width="0.2"
 d="M25 40h10M30 35v10M175 40h10M180 35v10
 M25 260h10M30 255v10M175 260h10M180 255v10"/>
</svg>
```

हा कागद छापताना ट्रे तोच निवडावा ज्यातून पुढे फॉर्म घालायचे आहेत, कारण एकाच प्रिंटरच्या दोन ट्रेंमधून येणारा कागद वेगवेगळ्या मार्गाने रोलरपर्यंत पोहोचतो आणि त्यांची चूकही वेगळी असते. शक्य असेल तर कागदही फॉर्मच्याच जाडीचा घ्यावा. कोणती कड आधी आत गेली आणि कोणती बाजू वर होती, हे पेन्सिलीने बाण काढून कागदावर लिहून ठेवावे.

मोजायला स्टीलची पट्टी घ्यावी, जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी काही मिलिमीटर कोरी जागा असते, आणि तेवढ्या कारणाने सगळा हिशेब चुकलेला मी पाहिला आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि साधे भिंग असले की दशांशापर्यंत अंदाज करता येतो. त्याहून जास्त अचूकतेची येथे गरज नाही.

आमच्या कागदावर पहिल्या वेळी डाव्या-वरच्या फुलीचा मध्य डावीकडून ३४.५ आणि वरून ४६.३ मिमी आला, तर उजव्या-खालच्या फुलीचा मध्य १७८.५ आणि २५७.५ मिमी. आता फुल्यांमधले अंतर पाहावे. आडवे अंतर १५० मिमी असायला हवे होते, ते १४४ भरले. उभे २२० असायला हवे होते, ते २११.२ भरले. दोन्हीकडे भागाकार ०.९६ येतो, म्हणजे कोणीतरी सगळे पान ९६ टक्के करून छापत होते.

आकसलेपणाचे कारण

लेझर प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. बहुतेक यंत्रांत चारही बाजूंना चार मिलिमीटरच्या आसपास पट्टी कोरी राहते. छापताना `Fit` निवडले असेल, तर प्रोग्राम संपूर्ण पान त्या उरलेल्या जागेत मावेल इतके लहान करतो आणि मधोमध ठेवतो. २१० मिमी रुंदीतून दोन्हीकडचे सव्वाचार मिमी वजा केले तर साधारण २०१.५ उरतात, आणि २०१.५ भागिले २१० म्हणजे ०.९६. आमचा आकडा नेमका तेथूनच आला होता. रकाने कडेपासून दूर असले तरी याचा फटका बसतो, कारण आकसते ते पूर्ण पान.

ॲडोब रीडरमध्ये छपाईच्या खिडकीत `Actual size` निवडावे. क्रोमसारख्या ब्राउझरमधून छापत असाल, तर `Scale` मध्ये `Custom` घेऊन १०० लिहावे. वर्डमध्ये `File`, `Options`, `Advanced` असे जाऊन `Print` या भागात `Scale content for A4 or 8.5 x 11" paper sizes` ही खूण असते, ती काढून टाकावी. ती असते तेव्हा लेटर आकारात तयार केलेले पान गुपचूप ए-४ वर बसवले जाते. एक्सेलमध्ये `Page Setup` मध्ये `Fit to` ऐवजी `Adjust to 100%` ठेवावे. तरीही आकडा १५० येत नसेल, तर ड्रायव्हरच्या स्वतःच्या खिडकीत आणखी एखादे `Fit to page` किंवा `Resize` लागू आहे का ते पाहावे. प्रोग्राम आणि ड्रायव्हर या दोन ठिकाणी वेगवेगळे आकसणे चालू असू शकते आणि एक बंद केल्याने दुसरे बंद होत नाही.

फाइलमधला कागदाचा आकार, ड्रायव्हरमधला आकार आणि पॅनेलवर ट्रेसाठी नोंदलेला आकार, तिन्ही ए-४ असायला हवेत. लेटरची रुंदी २१५.९ आणि उंची २७९.४ मिमी असते, म्हणजे तो ए-४ पेक्षा रुंद पण आखूड आहे. बरीच सॉफ्टवेअरे पहिल्यांदा लेटरवरच उघडतात, म्हणून ही चूक नेहमीची आहे.

`Actual size` केल्यावर आमच्या फुल्या डावीकडून ३१.५ आणि १८१.५, तर वरून ४२ आणि २६२ मिमीवर आल्या. अंतरे १५० आणि २२०, अगदी बरोबर. उरली ती निव्वळ सरक: दीड मिलिमीटर उजवीकडे आणि दोन मिलिमीटर खाली. पहिल्यांदा ज्या साडेचार आणि सव्वासहा मिलिमीटरमागे आम्ही धावलो होतो, त्यांतला मोठा भाग आकसण्याचा होता.

तिरपेपणा

वरचे आकडे मी सोयीसाठी सरळ लिहिले आहेत. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी डावी वरची फुली ४२.० वर आणि उजवी वरची ४३.२ वर होती. १५० मिमी अंतरात १.२ मिमीचा उतार म्हणजे अर्ध्या अंशापेक्षाही कमी, पण लांब रेघेवर नाव छापले की तो डोळ्यांना खुपतो. हा दोष कोणत्याही मार्जिनने जात नाही. त्याचे मूळ ट्रेमध्ये असते.

ट्रेमधल्या सरकपट्ट्या कागदाला जेमतेम टेकलेल्या असाव्यात. त्या सैल असल्या तर कागद आत जाताना फिरतो, आणि जास्त आवळल्या तर कागदाला मध्ये पोक येऊन तो अडखळतो. फॉर्मचा गठ्ठा ट्रेमध्ये घालण्यापूर्वी चारही कडांनी टेबलावर ठोकून सारखा करावा. फाडण्याच्या छिद्रांमुळे कागद एकमेकांत अडकतात, म्हणून आधी पत्त्यांसारखे पिसून मोकळे करावेत, आणि ट्रे काठोकाठ न भरता अर्ध्यापर्यंतच भरावा. इतके केल्यावर आमचा उतार ०.२ मिमीवर आला. पट्ट्या नीट असूनही उतार एका मिलिमीटरपेक्षा जास्त राहत असेल आणि तो पानागणिक बदलत असेल, तर कागद उचलणारा रोलर गुळगुळीत झालेला असतो. तो किंचित ओलसर फडक्याने पुसून पाहावा, नाहीतर बदलावा लागतो. उतार प्रत्येक पानावर अगदी तेवढाच असेल, तर मात्र आधी फाइलमध्येच काही तिरपे नाही ना हे पाहावे. स्कॅन केलेल्या फॉर्मवर रकाने बेतले असतील, तर स्कॅनच तिरपा असण्याची शक्यता मोठी असते.

यंत्राची स्वतःची चलबिचल

सरक दुरुस्त करण्यापूर्वी तोच फुल्यांचा कागद लागोपाठ पाच वेळा छापावा. आमच्याकडे डाव्या वरच्या फुलीचे वरचे अंतर ४१.६, ४२.३, ४२.०, ४१.८ आणि ४२.३ मिमी आले. सरासरी ४२.०, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त यांत ०.७ मिमीचा फरक. हा फरक यंत्राचा आहे आणि तो कोणत्याही सेटिंगने जात नाही. एकाच पानावर मोजून ४१.६ आले म्हणून १.६ ची दुरुस्ती केली असती, तर पुढची पाने पुन्हा चुकली असती. दुरुस्ती नेहमी सरासरीची करावी.

याच आकड्यावरून आणखी एक गोष्ट ठरते. अक्षरे चौकटीत बसवायची असतील, तर चौकटीच्या आत वर-खाली या फरकाच्या निम्म्याहून थोडी जास्त मोकळी जागा हवी. पाच मिमी उंच चौकटीत साडेचार मिमी उंच अक्षरे मांडली, तर काही पावत्यांवर वेलांटी किंवा उकार रेघेला चिकटणारच. तेथे अक्षर लहान करणे हाच उपाय आहे.

आता फॉर्म मोजावा

प्रिंटरची चूक समजली, की मगच फॉर्मकडे वळावे. गठ्ठ्यातून वरचे सलग न घेता इकडून तिकडून दहा फॉर्म काढावेत आणि प्रत्येकावर वरच्या कडेपासून नावाच्या रेघेपर्यंतचे, तसेच डाव्या कडेपासून चौकटीच्या उभ्या रेघेपर्यंतचे अंतर मोजावे.

आमच्या जुन्या गठ्ठ्यात नावाची रेघ वरून ५२ मिमीवर होती. नव्या गठ्ठ्यात ती ५०.५ वर निघाली. दहाही फॉर्मवर, एखाद्या दशांशाच्या फरकाने. छापखान्यात मोठ्या कागदावर एकाहून अधिक फॉर्म एकदम छापतात आणि नंतर कटिंग मशीनवर गठ्ठा कापतात. छपाईची प्लेट तीच असली, तरी कापण्याची रेघ थोडी इकडे-तिकडे झाली की कडेपासूनची सगळी अंतरे एकदम बदलतात. मी हे छापखान्याच्या कारागिराला दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “साहब, कटिंग में एक-दो एमएम तो चलता है।” त्याच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण हाताने भरायच्या पावतीला त्याने काहीच बिघडत नाही. तेव्हापासून ऑर्डर देतानाच मी सांगतो की फॉर्म प्रिंटरमध्ये घालायचे आहेत, डावी आणि वरची कड सगळ्या गठ्ठ्यांत सारखी हवी, आणि सोबत क्रमांक न घातलेले वीस-पंचवीस फॉर्म चाचणीसाठी द्यावेत.

दहा फॉर्मची मापे आपसांतच एक-दीड मिलिमीटरने बदलत असतील, तर तो गठ्ठा एका सेटिंगवर छापता येणार नाही हे मान्य करावे. अशा वेळी मापांप्रमाणे दोन ढीग करून वेगवेगळ्या वेळी छापणे किंवा गठ्ठा परत करणे, एवढेच मार्ग उरतात.

फॉर्म कमी आहेत म्हणून त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर चाचणी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. झेरॉक्स मशीन मूळ प्रत किंचित सरकवते आणि बऱ्याचदा थोडी लहान-मोठीही करते, त्यामुळे झेरॉक्सवर नीट बसलेला मजकूर मूळ फॉर्मवर चुकतो. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर पावतीचा मजकूर छापून तो फॉर्मवर ठेवावा, वरची आणि डावी कड तंतोतंत जुळवावी आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेला टेकवून उजेडात पाहावेत. क्रमांक घातलेल्या पावत्यांचा हिशेब द्यावा लागतो. चाचणीत वाया गेलेली प्रत्येक पावती ‘रद्द’ लिहून सांभाळावी लागते, म्हणून ही काचेची युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटते.

दुरुस्ती कोठे करावी

प्रिंटरच्या चुकीची दुरुस्ती प्रिंटरमध्ये करावी आणि फॉर्मच्या फरकाची फाइलमध्ये. दोन्ही फाइलमध्ये केल्या तर पुढच्या वर्षी प्रिंटर बदलल्यावर कोणता आकडा कशासाठी होता हे कोणालाच आठवत नाही.

बऱ्याच ऑफिस लेझर प्रिंटरांच्या पॅनेलवर प्रतिमेची जागा हलवण्याची सोय असते. एचपीच्या अनेक यंत्रांत ती `Adjust Alignment` या नावाने छपाईच्या गुणवत्तेच्या सेटिंगमध्ये सापडते आणि प्रत्येक ट्रेसाठी वेगळी ठेवता येते. यंत्र एक चाचणी-पान छापून देते, त्यावरून आडवी आणि उभी सरक भरायची. अधिक आकडा म्हणजे डावीकडे की उजवीकडे, हे गृहीत धरू नये. एकदा पाच मिमी भरून फुल्यांचा कागद छापावा म्हणजे दिशा स्पष्ट दिसते, आणि मग खरा आकडा घालावा. आम्ही दीड मिमी डावीकडे आणि दोन मिमी वर एवढी दुरुस्ती ट्रे २ साठी केली, आणि फुल्या सरासरीने ३० आणि ४० वर आल्या. ही दुरुस्ती त्या ट्रेमधून छापल्या जाणाऱ्या सगळ्या कामांना लागू होते, म्हणून ती कोऱ्या कागदावरच्या मापांवरून ठरवलेली असणे आवश्यक आहे.

प्रिंटरमध्ये अशी सोय नसेल, तर दुरुस्ती फाइलमध्ये येते. वर्डमध्ये डावे मार्जिन दीड मिमी कमी केले, तर उजवे तेवढेच वाढवावे. नाहीतर ओळीची रुंदी बदलते, उजवीकडे टेकवलेली रक्कम जागेवरच राहते आणि नाव तेवढे हलते. वर-खालच्या मार्जिनचेही तसेच. मार्जिन प्रिंटरच्या न छापता येणाऱ्या पट्टीत शिरले की वर्ड सूचना देते. तेथे दुरुस्त करण्याचे सुचवले जाते, पण ते स्वीकारले तर मार्जिन पुन्हा वाढते आणि आपली दुरुस्ती पुसली जाते.

फॉर्मचा फरक, म्हणजे ५२ ऐवजी ५०.५, आम्ही फाइलमध्ये घेतला: सगळा मजकूर दीड मिमी वर. त्या फाइलच्या नावातच गठ्ठा आल्याचा महिना लिहिला, म्हणजे जुने फॉर्म शिल्लक असतील तर त्यांच्यासाठी जुनी फाइल उघडता येते.

प्रिंटर बरोबर, फॉर्म बरोबर, तरी मजकूर खाली घसरतो

येथे देवनागरीचा एक खास घोटाळा आहे, आणि तो ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. फुल्यांचा कागद अगदी नेमका छापला जातो, पहिली ओळही रेघेवर बसते, पण दुसरी ओळ थोडी खाली, तिसरी आणखी खाली असे होत प्रतिपर्णापर्यंत मजकूर पाच-सात मिमी घसरलेला असतो. आडवी जागा मात्र अचूक. वर-वर पाहता हे उभ्या दिशेने ताणले गेल्यासारखे दिसते; खरे कारण ओळींच्या उंचीत असते.

देवनागरी फॉन्टमध्ये वेलांट्या, रफार आणि खालच्या उकारांसाठी जागा राखलेली असते, आणि ती प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी असते. `Line spacing` मध्ये `Single` असेल, तर ओळीची उंची त्या फॉन्टवरून ठरते. एका संगणकावर मंगल आणि दुसऱ्यावर निर्मला असला की तीच फाइल वेगळ्या उंचीची होते. इंदुरात हिंदी टंकलेखन अजून बरेचदा कृतीदेवमध्ये होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली तर अक्षरे तर विचित्र होतातच, शिवाय ओळीही हलतात. रिकाम्या ओळी टाकून म्हणजे एंटर मारून रकान्यापर्यंत पोहोचलेल्या फाइलमध्ये हा फरक ओळीगणिक साठत जातो.

यावर उपाय असा की एंटरने जागा करणे सोडून द्यावे. प्रत्येक रकान्यासाठी वेगळी टेक्स्ट बॉक्स घ्यावी आणि तिची जागा ठरवताना `Absolute position` चे अंतर `Page` पासून मोजायला सांगावे, `Margin` किंवा `Paragraph` पासून नव्हे. मग एका रकान्यातले काहीही दुसऱ्याला ढकलू शकत नाही. सारणीच हवी असेल, तर ओळींची उंची `Exactly` करून मिलिमीटरमध्ये द्यावी. परिच्छेदाची ओळ-उंचीही `Exactly` ठेवावी. १८ पॉइंट म्हणजे ६.३५ मिमी. `Exactly` करताना आकडा फार लहान दिला तर ‘र्की’सारख्या अक्षरांचे माथे कापले जातात, ते पडद्यावर मोठे करून पाहून घ्यावे. लांब नाव दोन ओळींत गेले तर काय होईल याचाही विचार आधीच करावा. आम्ही नावाच्या चौकटीत अक्षर एका आकाराने लहान केले आणि पत्ता वेगळ्या चौकटीत हलवला.

पाकिटे

पाकिटांवर पत्ता चुकण्याचे मुख्य कारण फार साधे असते: निवडलेला आकार आणि हातातले पाकीट एक नसतात. यादीत `DL` असते, ते ११० × २२० मिमी. बाजारात मागितल्यावर मिळते ते बहुधा नऊ बाय चार इंचांचे, म्हणजे २२८.६ × १०१.६ मिमी. दोन्ही लांबट आणि पांढरी, म्हणून फरक लक्षात येत नाही.

हा फरक कसा उमटतो ते पाहावे. बहुतेक लहान लेझर प्रिंटरांचा हाताने कागद घालण्याचा मार्ग पाकीट मधोमध धरतो. प्रिंटरला वाटते पाकीट ११० मिमी रुंद आहे, प्रत्यक्षात ते १०१.६ आहे, म्हणजे ८.४ मिमी कमी, आणि मधोमध धरल्यामुळे वरची कड ४.२ मिमी आत आलेली. पत्ता तेवढा वर सरकलेला दिसतो. लांबीचा फरक ८.६ मिमी आहे. पाकिटाची डावी कड आधी आत जात असेल, तर तो पत्त्यावर उमटत नाही, कारण अंतर आत शिरणाऱ्या कडेपासूनच मोजले जाते; पण तिकिटाकडची उजवी कड आधी आत जात असेल, तर पत्ता पुरा ८.६ मिमी उजवीकडे जातो. त्यामुळे पत्ता वर आणि उजवीकडे गेलेला दिसला, तर आकाराचीच चूक आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

म्हणून पाकीट मोजून त्याचा आकार नोंदवावा. विंडोजमध्ये `Print server properties` उघडून `Forms` मध्ये `Create a new form` ची खूण करावी, रुंदी १०.१६ आणि उंची २२.८६ सेमी भरून नाव द्यावे, आणि मग छापताना ड्रायव्हरमध्ये तेच नाव निवडावे. वर्डमध्ये `Mailings`, `Envelopes`, `Options` येथे `Custom size` भरता येतो, आणि पत्त्याची जागा `From left` व `From top` यांनी ठरते. त्याच खिडकीच्या `Printing Options` मध्ये पाकीट कोणत्या बाजूने घालायचे त्याचे चित्र असते. ते प्रत्यक्ष यंत्राशी जुळते का, हे एका जुन्या पाकिटावर बाण काढून तपासावे. लिब्रेऑफिसमध्ये `Insert`, `Envelope` येथे प्रिंटरच्या पानावर `Shift right` आणि `Shift down` असे दोन रकाने आहेत, त्यांत उरलेली सरक भरता येते.

पाकीट हा कागदाचे अनेक पदर असलेला पदार्थ आहे, त्यामुळे त्याची चलबिचल कोऱ्या कागदापेक्षा जास्त असते. आमच्याकडे ती दोन मिमीच्या आसपास राहते आणि पत्त्याला तेवढी चालते. फुगलेली पाकिटे आधी वजनाखाली दाबून सपाट करावीत, मागचे झाकण उघडून सरळ मार्गाने बाहेर काढावीत, आणि पारदर्शक खिडकीची पाकिटे त्यांवर लेझरसाठी चालतील असे लिहिलेले नसेल तर घालूच नयेत, कारण आतला गरम रोलर ती खिडकी वितळवून स्वतःला चिकटवून घेतो.

आमच्या प्रिंटरवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ट्रे २, ए-४, `Actual size`, दुरुस्ती डावीकडे १.५ व वर २.०, फॉर्मची वरची कड आधी आत, छापील बाजू खाली, आणि शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली ते. टोनर बदलल्यावर या आकड्यांत फरक पडत नाही, पण रोलर बदलला किंवा यंत्र दुरुस्तीहून परत आले, तर फुल्यांचा कागद पुन्हा पाच वेळा छापून चिठ्ठी नव्याने लिहावी लागते.